दोन मूल्यमापकांचे एकमत मोजताना: ६४० उत्तरांच्या कामाच्या नोंदी

३ जुलै – कामाची मांडणी

विज्ञानाच्या एका प्रश्नाची विद्यार्थ्यांनी लिहिलेली उत्तरे तपासायची आहेत. प्रश्न असा आहे: ‘उकळत्या पाण्यात दिसणारे मोठे बुडबुडे कशाचे असतात आणि ते कसे तयार होतात?’ पातळ्यांची वर्णने असलेल्या निकषतक्त्यानुसार प्रत्येक उत्तराला ० ते ३ यांपैकी एक पातळी द्यायची आणि ‘पाणी फुटून हायड्रोजन व ऑक्सिजन होतो’ हा विशिष्ट गैरसमज उत्तरात आढळतो की नाही, याची ‘होय’ किंवा ‘नाही’ अशी स्वतंत्र नोंद करायची, असे ठरले आहे. तपासणारे आम्ही दोघे आहोत. या नोंदींत मी स्वतःला ‘अ’ आणि सहकाऱ्यांना ‘ब’ म्हणेन. सगळी उत्तरे दोघांनी वाचायची तर वेळ दुप्पट लागेल. म्हणून काही उत्तरे दोघांनी तपासून आमच्यातले एकमत मोजायचे आणि ते समाधानकारक असेल तर उरलेली वाटून घ्यायची, अशी योजना आहे. ‘समाधानकारक’ म्हणजे नेमके किती, हे आज आम्ही ठरवलेले नाही, आणि ही या कामातली पहिली चूक होती, हे पुढे लक्षात आले.

एकूण ७१२ उत्तरे आली आहेत. त्यांपैकी ७२ पूर्णपणे कोरी असून ती आधीच बाजूला काढली. कोऱ्या उत्तराला दोघेही डोळे झाकून ० देणार, त्यात मतभेदाला जागाच नाही. ती नमुन्यात राहिली असती तर दर दहातले एक उत्तर फुकटचे एकमत देऊन गेले असते.

६ जुलै – वाया गेलेली पहिली फेरी

पहिली ४० उत्तरे तपासून झाली. ३५ उत्तरांवर एकमत, म्हणजे ८८ टक्के. आम्ही दोघेही खूश होतो. संध्याकाळी ‘ब’ यांनी सहज सांगितले की सामायिक शीटमध्ये माझा स्तंभ त्यांच्या स्तंभाच्या शेजारीच दिसत होता आणि जिथे मन दोलायमान झाले तिथे त्यांची नजर माझ्या अंकाकडे गेली. त्यात त्यांचा दोष नाही, कारण शीट मीच तशी बनवली होती.

ही संपूर्ण फेरी रद्द केली. एकमत मोजायचे तर दोन वाचने एकमेकांपासून स्वतंत्र असली पाहिजेत. एकाचा अंक दुसऱ्याच्या डोळ्यांसमोर असेल तर तो आकडा काहीच मोजत नाही. प्रत्येकी सुमारे सव्वा तास गेला. आता दोघांच्या फाइली वेगळ्या आहेत, उत्तरांचा क्रम दोन्हींत वेगवेगळा लावला आहे आणि जुळवणी फक्त उत्तरक्रमांकावरून होते. ही ४० उत्तरे चर्चेसाठी उदाहरणे म्हणून ठेवली. मोजण्यासाठी ६०० उरली.

१० जुलै – खरी पहिली फेरी, ६० उत्तरे

६०० मधून यादृच्छिक पद्धतीने ६० उत्तरे निवडली. पातळ्यांची सारणी अशी आली. ओळी माझ्या आहेत, स्तंभ ‘ब’ यांचे.

| अ \ ब | ० | १ | २ | ३ | एकूण |
|---|---|---|---|---|---|
| ० | ८ | १ | ० | ० | ९ |
| १ | ५ | ९ | २ | ० | १६ |
| २ | १ | ९ | १० | २ | २२ |
| ३ | ० | १ | ५ | ७ | १३ |
| एकूण | १४ | २० | १७ | ९ | ६० |

कर्णावरची बेरीज ३४, म्हणजे एकमत ५७ टक्के. शीट शेजारी असताना ८८ आणि नसताना ५७. रद्द केलेल्या फेरीबद्दल उरलीसुरली हळहळही यानंतर संपली.

नुसती टक्केवारी पुरेशी नसते, कारण दोघांनी उत्तरे न वाचता आपापल्या सवयीच्या प्रमाणात अंक वाटले असते तरी काही अंक जुळलेच असते. असे किती जुळले असते, हे सारणीच्या कडेच्या बेरजांवरून काढता येते. प्रत्येक पातळीसाठी माझी बेरीज गुणिले ‘ब’ यांची बेरीज करायची, चारही गुणाकार मिळवायचे आणि ६० च्या वर्गाने भागायचे:

(९×१४ + १६×२० + २२×१७ + १३×९) ÷ ३६०० = ९३७ ÷ ३६०० = ०.२६

जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये मांडलेला काप्पा हा गुणांक योगायोगाचा हा वाटा वजा करतो: (०.५७ − ०.२६) ÷ (१ − ०.२६), म्हणजे ०.४१. त्याचे ९५ टक्के विश्वास अंतराल, म्हणजे खरा काप्पा ज्या मर्यादांमध्ये असावा तो पल्ला, सुमारे ०.२४ ते ०.५८ एवढे रुंद आहे. ६० उत्तरांवरून याहून नेमके काही सांगता येत नाही.

गुणांकापेक्षा सारणीनेच जास्त सांगितले. २६ मतभेदांपैकी २१ ठिकाणी मी वरची पातळी दिली आहे आणि फक्त ५ ठिकाणी ‘ब’ यांनी. माझी सरासरी १.६५, त्यांची १.३५. मतभेद विखुरलेले असते तर ते दुर्लक्षाचे किंवा थकव्याचे म्हणता आले असते, पण ते एकाच बाजूला झुकलेले आहेत. आम्ही दोघे निकषतक्ता वेगवेगळ्या अर्थाने वाचत आहोत, असाच याचा अर्थ होतो. एकट्या काप्पावरून हा झुकाव दिसत नाही. म्हणून तो काढण्याआधी सारणी मांडून कर्णाच्या वरचे आणि खालचे मतभेद वेगळे मोजावेत, असे मी आता ठरवले आहे.

११ जुलै – मोह

हे लिहायला थोडा संकोच वाटतो, पण लिहितो आहोत तर सगळेच लिहावे. साधा काप्पा ०.४१ आल्यावर मी भारित काप्पा काढून पाहिला. कोहेन यांनीच १९६८ मध्ये सुचवलेल्या या रूपात मतभेद किती पायऱ्यांचा आहे, याचा विचार होतो. १ आणि २ यांतला फरक ० आणि ३ यांतल्या फरकाइतका गंभीर धरला जात नाही. क्रमवार पातळ्यांसाठी हे योग्यच आहे. मात्र भार दोन प्रकारे देता येतो. रेषीय भारात दोन पायऱ्यांचा फरक एका पायरीच्या दुप्पट धरतात, वर्गीय भारात चौपट.

```python
from sklearn.metrics import cohen_kappa_score as k

L = [0, 1, 2, 3]
print(k(a, b, labels=L))
print(k(a, b, labels=L, weights="linear"))
print(k(a, b, labels=L, weights="quadratic"))
```

उत्तरे अनुक्रमे ०.४१, ०.५९ आणि ०.७४ आली. सारणी तीच, मतभेद तेच आणि आकडे तीन. आमच्या २६ मतभेदांपैकी २४ एकाच पायरीचे आहेत आणि वर्गीय भार नेमक्या अशाच मतभेदांना सर्वांत कमी मोजतो. रात्री अकरा वाजता ०.७४ हा आकडा फार देखणा दिसत होता. अहवालात तोच घालून पुढे जावे, असे मनात आले, आणि तसे केले असते तर ते चूक आहे असे कोणी म्हटलेही नसते, कारण वर्गीय भार ही सर्वमान्य पद्धत आहे. चूक पद्धतीत नसते. आकडे पाहून झाल्यावर त्यांतला सोयीचा निवडण्यात ती असते.

१२ जुलै – काय चालेल, हे आधी लिहून ठेवले

सकाळी ‘ब’ यांना तिन्ही आकडे दाखवले. त्यांनी विचारले, “आपण हे गुण कशासाठी वापरणार आहोत?” पहिल्या दिवशीच विचारायला हवा होता, असा हा प्रश्न.

त्याआधी आमचे बोलणे तयार पट्ट्यांवर चालले होते. लँडिस आणि कॉख यांच्या १९७७ च्या लेखातली विभागणी सर्वत्र उद्धृत होते. तिच्यानुसार ०.४१ ते ०.६० मध्यम, ०.६१ ते ०.८० भरीव आणि ०.८१ च्या वर जवळजवळ पूर्ण एकमत. मात्र ही विभागणी मनानेच ठरवलेली आहे, हे त्या लेखकांनी स्वतःच लिहिले होते. क्रिपेंडॉर्फ यांचा एकमत मोजणाऱ्या त्यांच्या अल्फा गुणांकासाठीचा दंडक अधिक कडक आहे: ०.८०० किंवा त्याहून अधिक असेल तर विश्वास ठेवावा, ०.६६७ ते ०.८०० दरम्यान असेल तर फक्त तात्पुरते निष्कर्ष काढावेत. पण यांतल्या कोणत्याही पट्टीला आमच्या विद्यार्थ्यांचे पुढे काय होणार, हे ठाऊक नाही.

आमच्या गुणांचे उपयोग दोन आहेत. पहिला, दोन गटांच्या सरासरीची तुलना. सरासरीत विखुरलेले मतभेद बरेचसे एकमेकांना खोडून काढतात, त्यामुळे तिथे मध्यम एकमतही निभावते. एकाच बाजूचा झुकाव मात्र खोडला जात नाही. दुसरा उपयोग नाजूक आहे. पातळी ० किंवा १ मिळालेल्या विद्यार्थ्याला जादा तासिकांना पाठवायचे आहे, २ किंवा ३ मिळालेल्याला नाही. म्हणजे विद्यार्थ्याच्या दृष्टीने संपूर्ण मोजपट्टीवर एकच जागा महत्त्वाची आहे, ती म्हणजे १ आणि २ यांमधली रेषा. पहिल्या फेरीत ६० पैकी १३ उत्तरे या रेषेच्या दोन बाजूंना पडली. पाचांतल्या एका विद्यार्थ्याहून अधिक जणांचा निर्णय उत्तरावर नव्हे, तर वही कोणाच्या हाती गेली यावर ठरला असता. हे वाचल्यावर ०.७४ चे देखणेपण उतरले.

दुसऱ्या फेरीसाठी पुढील तीन गोष्टी लिहून, खाली तारीख घालून दोघांनी सह्या केल्या.

एक, भार रेषीय राहील. वर्गीय भार एका पायरीचा मतभेद जवळजवळ माफ करतो आणि आमचे बहुतेक भांडण एका पायरीचेच आहे.

दोन, रेषीय काप्पाच्या विश्वास अंतरालाची खालची मर्यादा ०.७० च्या वर असावी. नुसता काप्पा ०.७० च्या वर असणे पुरेसे नाही. हा ०.७० आकडा कोणत्या सिद्धांतातून आलेला नाही. याहून खाली एकमत असेल तर उत्तरे वाटून घेण्याचे धाडस आम्हांला होणार नाही, एवढाच त्याचा आधार आहे.

तीन, १ आणि २ यांमधल्या रेषेवर दोन बाजूंना पडणारी उत्तरे दहा टक्क्यांहून अधिक नसावीत. दहातले एक उत्तर पुन्हा वाचून मिटवण्याइतका वेळ आमच्याकडे आहे. त्याहून जास्त मतभेद असतील तर वाचणारे नव्हे, निकषतक्ताच दुरुस्त करावा लागेल.

१४ ते १७ जुलै – निकषतक्त्याची दुरुस्ती

सगळ्यांत जास्त वेळ इथे गेला आणि तो सत्कारणी लागला.

मी २ आणि ‘ब’ यांनी १ दिलेली नऊ उत्तरे समोर ठेवून वाचली. निकषतक्त्यात पातळी २ चे वर्णन ‘पुरेसे स्पष्टीकरण, किरकोळ उणिवा’ असे होते. ‘पुरेसे’ या शब्दावरच आमची वाट फुटत होती. एका विद्यार्थ्याने लिहिले होते: ‘पाणी तापते, मग वाफ होते आणि बुडबुडे वर येतात.’ बुडबुडे वाफेचेच आहेत, असे त्याला म्हणायचे असणार, म्हणून मी २ दिले. ‘ब’ यांचे म्हणणे असे की बुडबुड्यात वाफ आहे, हे त्या वाक्यात कुठेच नाही. वाफ पृष्ठभागावरून वेगळी जाते आणि बुडबुडे हवेचे असतात, असे मानणारा विद्यार्थीही हेच वाक्य लिहील. त्यांचे म्हणणे मला पटले. मी ओळींच्या मधले वाचत होते आणि ‘ब’ फक्त ओळी. नऊपैकी सहा उत्तरांत हाच प्रकार होता.

आता वर्णने काढून टाकून त्यांच्या जागी होय-नाहीत उत्तर देता येईल असे तीन प्रश्न ठेवले आहेत. बुडबुड्यात पाण्याची वाफ असते, असे उत्तरात शब्दांनी लिहिले आहे का? ती वाफ उष्णतेमुळे पाण्याच्या आतच तयार होते, असे लिहिले आहे का? वाफ होताना पाण्याचे रेणू तेच राहतात आणि फक्त एकमेकांपासून दूर जातात, अशा अर्थाचे काही आहे का? तिन्हींपैकी फक्त पहिले किंवा फक्त दुसरे असेल तर पातळी १, ती दोन्ही असतील तर २, तिन्ही असतील तर ३. शिवाय एक नियम ठळक अक्षरांत: लिहिले आहे तेवढेच मोजावे, अभिप्रेत असावे असे वाटणारे मोजू नये.

पहिला मसुदा दोन दिवसांत मोडला. रद्द केलेल्या ४० उत्तरांवर तो वापरून पाहिला तेव्हा तिसरा प्रश्न होय, पण दुसरा नाही अशी चार उत्तरे निघाली आणि त्यांना कोणती पातळी द्यावी, हे तक्त्यात कुठेच नव्हते. अशा उत्तरांना पहिला प्रश्न होय असेल तर १, असा नियम जोडला. शेवटी प्रत्येक पातळीची तीन नमुना उत्तरे निवडून त्यांखाली त्या पातळीचे कारण एका वाक्यात लिहिले. ही बारा उत्तरे पुढे फार उपयोगी पडली.

२२ जुलै – दुसरी फेरी, १२० उत्तरे

नवीन यादृच्छिक नमुना घेतला. जुनी ६० उत्तरे पुन्हा वापरली नाहीत, कारण त्यांवर आमची चर्चा झालेली होती. तीच पुन्हा तपासली असती तर निकषतक्ता नव्हे, आमची स्मरणशक्ती मोजली गेली असती. संख्या दुप्पट केली, तरी अंतराल निम्मे होत नाही. निम्मे करायचे तर उत्तरे चौपट हवीत.

| अ \ ब | ० | १ | २ | ३ | एकूण |
|---|---|---|---|---|---|
| ० | २० | ३ | ० | ० | २३ |
| १ | ४ | २९ | ५ | ० | ३८ |
| २ | ० | ६ | ३० | ३ | ३९ |
| ३ | ० | ० | ४ | १६ | २० |
| एकूण | २४ | ३८ | ३९ | १९ | १२० |

एकमत ९५, म्हणजे ७९ टक्के. साधा काप्पा ०.७१, रेषीय ०.८१. मतभेद २५, त्यांत मी वर १४ ठिकाणी आणि ‘ब’ वर ११ ठिकाणी. झुकाव जवळपास नाहीसा झाला. रेषीय काप्पाचे अंतराल पुनर्नमुना पद्धतीने, म्हणजे याच उत्तरांतून पुन्हा पुन्हा यादृच्छिक नमुने घेऊन काढले:

```python
import numpy as np

a, b = np.array(a), np.array(b)
rng = np.random.default_rng(7)
v = []
for _ in range(2000):
    i = rng.integers(0, len(a), len(a))
    v.append(k(a[i], b[i], labels=L, weights="linear"))
print(np.percentile(v, [2.5, 97.5]))
```

अंतराल साधारण ०.७४ ते ०.८७ आले, म्हणजे दुसरी अट पूर्ण झाली. `labels=L` विसरू नये. एखाद्या लहान नमुन्यात एक पातळी मुळीच आली नाही आणि `labels=L` दिलेले नसेल तर उरलेल्या पातळ्या शेजारी-शेजारी धरल्या जातात, भार बदलतात आणि कुठलीही त्रुटी न दाखवता चुकीचा आकडा मिळतो.

तिसऱ्या अटीने मात्र विचारात पाडले. रेषेच्या दोन बाजूंना ५ अधिक ६, म्हणजे ११ उत्तरे पडली. १२० पैकी ९.२ टक्के. अट जेमतेम पूर्ण झाली. पण ११ हा छोटा आकडा आहे आणि त्याचे अंतराल सुमारे ४ ते १४ टक्के येते. खरा आकडा दहाच्या वर असणे सहज शक्य आहे.

२३ जुलै – निर्णय

काप्पा ०.८१ आहे म्हणून उरलेली ४२० उत्तरे एकेकट्याने तपासायची का? सरासरीच्या तुलनेसाठी, होय. जादा तासिकांच्या निर्णयासाठी, नाही. ४२० चे ९.२ टक्के म्हणजे सुमारे ३९ विद्यार्थी. कोणत्याही पट्टीवर आमचे एकमत उत्तम ठरले तरी या ३९ जणांना त्याचा काही उपयोग नाही.

प्रत्येकाने शंकास्पद उत्तरावर खूण करावी आणि तेवढीच दुसऱ्याने वाचावीत, असा स्वस्त उपाय आधी सुचला. सुदैवाने दुसऱ्या फेरीत आम्ही दोघांनी अशा खुणा केल्या होत्या. त्या ११ उत्तरांपैकी माझी खूण ७ वर होती, म्हणजे एकटी मी तपासत असते तर ४ उत्तरे दुसऱ्या वाचनाशिवायच सुटली असती. आपण कुठे डळमळतो आहोत, हे आपल्याला दर वेळी कळतेच असे नाही.

सारणीकडे पुन्हा पाहिल्यावर दुसरा मार्ग दिसला. दोन पायऱ्यांचा मतभेद आता एकही नाही. म्हणजे रेषा ओलांडणारा प्रत्येक मतभेद १ आणि २ यांमधलाच आहे. तेव्हा ज्या उत्तराला पहिल्या वाचकाने १ किंवा २ दिले, ते प्रत्येक उत्तर दुसऱ्याने वाचायचे. ० आणि ३ एकाच वाचनावर सोडायची. १२० मध्ये माझ्याकडून अशी ७७ निघाली होती, म्हणजे ६४ टक्के. ४२० वर हा हिशेब सुमारे २७० जादा वाचनांचा येतो. एका उत्तराला दीड मिनिट धरले तर प्रत्येकी साडेतीन तासांच्या आसपास. एवढा वेळ द्यायला आम्ही तयार झालो.

२६ जुलै – गैरसमजाची नोंद

पातळ्यांच्या नादात गैरसमजाची नोंद मागे पडली होती. पहिल्या फेरीत ६० पैकी ५७ उत्तरांवर एकमत होते, ९५ टक्के. काप्पा मात्र ०.५५. असे का, हे पाहिले तर गैरसमज मुळात दुर्मीळ आहे: दोघांचे ‘होय’ २, फक्त माझे १, फक्त ‘ब’ यांचे २, दोघांचे ‘नाही’ ५५. सगळीकडे ‘नाही’ लिहीत गेले तरी बहुतेक ठिकाणी जुळतेच, म्हणून योगायोगाचे एकमतच ०.८९ आहे आणि काप्पाला हालचाल करायला फक्त ०.११ एवढी जागा उरते. फाइनस्टाइन आणि सिक्केटी यांनी १९९० मध्ये ज्या विरोधाभासाकडे लक्ष वेधले, तो हाच: एकमत भरपूर, काप्पा कमी.

यावर काप्पालाच दोष देऊन ९५ टक्के छापावेत, असे पुष्कळांना वाटते. ते मला मान्य नाही. ‘ब’ यांनी ‘होय’ म्हटलेल्या चार उत्तरांपैकी दोनवर मी ‘नाही’ म्हटले आहे. गैरसमज ओळखण्यात आम्ही खरोखरच कच्चे आहोत आणि काप्पा ते बरोबर सांगतो आहे. अडचण निराळी आहे. माझे एकटीचे ‘होय’ असलेल्या उत्तरावर ‘ब’ यांनीही ‘होय’ म्हटले असते तर काप्पा ०.५५ वरून थेट ०.७३ वर गेला असता. एका उत्तरावर झुलणाऱ्या आकड्यावरून काहीही ठरवता येत नाही.

म्हणून उरलेल्या ४२० मधून ‘हायड्रोजन’, ‘ऑक्सिजन’, ‘फुटते’ असे शब्द असलेली ४० आणि नसलेली ४० उत्तरे घेऊन फक्त ही नोंद दोघांनी स्वतंत्रपणे केली. दोघांचे ‘होय’ २७, फक्त माझे ६, फक्त ‘ब’ यांचे ४, दोघांचे ‘नाही’ ४३. काप्पा ०.७४. हा नमुना आम्ही मुद्दाम गैरसमजांनी भरलेला आहे, त्यामुळे हा ०.७४ सगळ्या उत्तरांचा म्हणून अहवालात देता येणार नाही. या नोंदीवर कोणत्याही विद्यार्थ्याचा निर्णय अवलंबून नाही, फक्त एकूण संख्या द्यायची आहे. तिथे गुणांक न देता ‘या ८० पैकी २७ वर दोघांचे “होय”, ४३ वर दोघांचे “नाही”, १० वर मतभेद’ असे सरळ लिहिणार आहोत. वाचणाऱ्याला त्यातून जास्त कळेल.

२ ऑगस्ट – मधली तपासणी

प्रत्येकी निम्मी उत्तरे झाली. दोघांच्याही गठ्ठ्यात न सांगता मिसळलेली ४० सामायिक उत्तरे होती. ती मिसळण्याचे काम तिसऱ्या सहकाऱ्याने केले. एकमत फक्त २९ वर. ११ मतभेदांपैकी ९ ठिकाणी मी वर. माझा उदारपणा परत आला होता. कारण शोधायला लांब जावे लागले नाही: एका बैठकीत मी ७० उत्तरे तपासली होती आणि नमुना उत्तरे आठवडाभरात उघडलीही नव्हती. त्या बैठकीतली सगळी ७० उत्तरे पुन्हा तपासली. आता एका बैठकीत ४० हून अधिक नाहीत आणि सुरुवातीला बारा नमुना उत्तरे वाचल्याशिवाय पहिले उत्तर उघडायचे नाही.

दुसऱ्या वाचनातली एक चूक ‘ब’ यांनी पकडली. आपल्याकडे येणारे प्रत्येक उत्तर १ किंवा २ चेच आहे, हे दोघांनाही ठाऊक असल्याने ० किंवा ३ देण्याकडे हात जातच नव्हता. पहिल्याचा अंक झाकला, तरी अर्धी माहिती गठ्ठ्यातूनच मिळत होती. त्या गठ्ठ्यांत ० आणि ३ ची ४० उत्तरे मिसळायला सांगितले. साठेक मिनिटे वाढली.

९ ऑगस्ट – शेवटची फेरी

दुसऱ्या ४० सामायिक उत्तरांवर ३३ ठिकाणी एकमत. मतभेद ७, त्यांत मी वर ४ आणि ‘ब’ वर ३.

४२० पैकी २६८ उत्तरांचे दुसरे वाचन झाले. ३५ उत्तरे १ आणि २ यांमधल्या रेषेच्या दोन बाजूंना पडली. त्यांपैकी २९ एकत्र बसून तीन प्रश्न पुन्हा लावल्यावर मिटली. ६ उत्तरांवर आम्ही दोघेही हटलो नाही आणि ती तिसऱ्या सहकाऱ्याकडे गेली. रद्द केलेली ४० आणि पहिल्या फेरीतली ६० उत्तरेही नव्या निकषतक्त्यावर पुन्हा तपासून घेतली, आणि १२० मधले सगळे मतभेद चर्चेने मिटवले.

अहवालात एकमताचा आकडा म्हणून २२ जुलैचा ०.८१ अंतरालासह दिला आहे आणि त्याखाली पूर्ण सारणी छापली आहे. मतभेद मिटवल्यानंतरचे अंक घेतले तर काप्पा अर्थातच १ येतो; तो आकडा आमच्या चर्चेचा आहे, मोजमापाचा नाही. २ ऑगस्टची घसरणही अहवालात लिहिली आहे. ‘ब’ यांनी एक वाक्य वाढवायला सांगितले आणि ते तसेच ठेवले: ‘हा आकडा या दोन वाचकांचा, या निकषतक्त्याचा आणि या प्रश्नाचा आहे, वाचक किंवा प्रश्न बदलल्यास तो पुन्हा मोजावा.’